‘आरडाओरडा करू नये’ असं छापून कुणी गप्प बसत नाही

पत्र

ताई, नमस्कार. मी पूर्व उपनगरातल्या एका मराठी शाळेत शिकवते. जानेवारीत एका रविवारी आमचा तिसरी ते सातवीचा क्रीडादिन आहे. दोनशेच्या आसपास मुलं, मैदान भाड्याने घेतलेलं. पालकांना द्यायची नोटीस या वर्षी माझ्या गळ्यात पडली आहे. गेल्या वर्षी संचलनात दोन मुली भोवळ येऊन पडल्या, साडेनऊलाच पाणी संपलं, एक वडील मुलाच्या बाजूने ओरडत पळत सुटले आणि एका आईने चौथ्या आलेल्या मुलीला सगळ्यांसमोर धपाटा घातला. मुख्याध्यापक म्हणतात, नोटीस कडक हवी: सातला सगळे हजर, पालकांची उपस्थिती अनिवार्य, पांढरा गणवेश सक्तीचा, आरडाओरडा करणाऱ्याला बाहेर काढू. मला हे पटत नाही, पण दुसरं काय लिहावं तेही सुचत नाही.

— एक शिक्षिका

उत्तर

बाई, कडक नोटिशी मीही काढल्या आहेत. एकतीस वर्षं पी.टी. शिकवलं, त्यातली पहिली पंधरा तरी ‘पालकांनी शिस्त पाळावी’ हे वाक्य मी ठळक अक्षरात छापत होते. ज्यांनी ते वाचायला हवं होतं ते वाचत नसत, आणि जे वाचत ते आधीच कोपऱ्यात शांत उभे असत. तेव्हा कडकपणाचा प्रश्न बाजूला ठेवू. मला वाटतं, गेल्या वर्षीच्या चारही गोष्टी पालकांच्या स्वभावापेक्षा तुमच्या वेळापत्रकातून आणि मैदानाच्या मांडणीतून आल्या होत्या. नोटिशीने ते वेळापत्रक उघडं करावं. निम्मं काम तिथेच होतं.

‘सात वाजता सगळे हजर’ हेच आधी घ्या. रविवारी सातला मैदानावर यायचं तर मूल साडेपाचला उठतं. त्या वेळी त्याच्या घशाखाली काही उतरत नाही. आई दुधाचा पेला पुढे करते, ते अर्धा पितं आणि निघतं. सातला हजेरी, साडेसातला पाहुणे येणार म्हणून रांगा, पाहुणे येतात पावणेआठला. मग दीपप्रज्वलन, शपथ, भाषण. तुमच्या त्या दोन मुली उन्हाने पडल्या असं सगळ्यांनी ठरवलं असेल. जानेवारीत मुंबईत सकाळी आठला ऊन कितीसं असतं? पोटात अन्न नाही, आणि वीस-पंचवीस मिनिटं ‘सावधान’मध्ये गुडघे ताठ. पाय हलले नाहीत की रक्त पायांत साचतं, डोक्याकडे कमी जातं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. परेडमध्ये उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, बुटाच्या आत बोटं हलवत राहायची युक्ती तो सांगेल. मुलांनाही ती शिकवा. त्याहून बरं म्हणजे भाषणाच्या वेळी मुलांना खाली बसवा. पाहुण्यांचा अपमान होत नाही. बसलेल्या मुलांपुढे पाहुणेही थोडक्यात आटोपतात, हा माझा अनुभव.

एखादं मूल पडलंच तर काय करायचं, ते नोटिशीत नको, पण तुमच्या सहकाऱ्यांना आधी सांगून ठेवा. गर्दी हटवायची, त्याला तिथेच आडवं करायचं, पाय वीतभर वर धरायचे. मिनिटा-दोन मिनिटांत ते डोळे उघडतं. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही. कांदा हुंगवणारे काका प्रत्येक मैदानावर असतात, त्यांना प्रेमाने लांब ठेवा. आणि मूल असंबद्ध बोलतंय, अंग तापलंय, उलट्या थांबत नाहीत, किंवा पडताना डोक्याला लागलंय, असं काही दिसलं तर वाट न बघता १०८ला फोन लावायचा.

आता वेळ. पालक ओरडतात त्याचं एक कारण असं की तुम्ही त्यांना साडेतीन तास उभं करता आणि बघायला देता दहा सेकंद. तिसरीतलं मूल पन्नास मीटर साधारण दहा-अकरा सेकंदांत पळतं. ते दहा सेकंद नेमके कधी येणार हे पालकाला माहीत नसतं. तो सातपासून बांबूच्या दोरीशी ताटकळतो, शेजारच्याला विचारतो, ‘तिसरी झाली का?’ आणि शेवटी मुलगा दिसला की तीन तासांचं सगळं त्याच्या घशातून एकदम बाहेर पडतं. मीच त्याच्या जागी असते तर मीही पळत सुटले असते.

म्हणून इयत्तावार वेळ छापा. हिशेब सोपा आहे. एका वर्गात चाळीस मुलं धरा, वीस मुलगे, वीस मुली. मैदानावर सहा पट्ट्या. म्हणजे मुलग्यांच्या चार फेऱ्या, मुलींच्या चार. एका फेरीला पळायला दहा सेकंद, पण मुलांना पट्टीत उभं करणं, बुटाची नाडी सुटलेल्याला थांबवणं, चुकीच्या सुरुवातीमुळे परत बोलावणं, शेवटच्या रेषेवर नावं लिहून घेणं, असं सगळं धरून अडीच मिनिटं जातात. आठ फेऱ्या, वीस मिनिटं. पाच वर्गांना शंभर मिनिटं. आठला सुरू केलं तर नऊ चाळीसला प्राथमिक फेऱ्या संपतात. तिसरी-चौथीला अंतिम फेरी ठेवूच नका. पाचवी ते सातवीच्या मिळून सहा अंतिम फेऱ्या पावणेदहा ते दहा-पाच. मग पालकांची रस्सीखेच, बक्षिसं, आणि पावणेअकराला मैदान रिकामं.

पावणेअकरा मी मुद्दाम म्हणते आहे. रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि तो साधारण अकराच्या आसपास सुरू होतो. मुलं त्याच वस्तीतली असली तरी पालकांतले कितीतरी जण तिथून पुढे कामाला जाणारे, सासरी-माहेरी जाणारे असतात. साडेअकराला सुटलेल्या क्रीडादिनानंतर फलाटावर तासभर उभं राहिलेल्या बापाकडून मुलाशी गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. त्या रविवारचा ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे हे रेल्वे एक-दोन दिवस आधी जाहीर करते. आदल्या संध्याकाळी पालकांना पाठवायच्या आठवणीच्या संदेशात ते जोडून टाका.

इयत्तावार वेळ छापली की ‘उपस्थिती अनिवार्य’ची गरजही उरत नाही. रविवार असला म्हणून सगळ्यांना सुट्टी नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलांच्या आया घरकामाला जातात, रविवारी तर पाहुणे असतात म्हणून जास्तच काम. वडील रिक्षा चालवतात, मॉलमध्ये सिक्युरिटीला असतात. त्यांना ‘आठ वीस ते आठ चाळीस, चौथी’ असं कळलं तर दोन घरांच्या मध्ये किंवा दोन भाड्यांच्या मध्ये ते येऊन जातात. ‘अनिवार्य’ वाचलं की येऊ न शकणारा पालक शरमतो आणि त्याचं मूल त्याहून जास्त. ज्यांचं कुणीच येणार नाही अशा मुलांची यादी वर्गशिक्षकांकडे तोंडी असू द्या, आणि त्यांच्या फेरीला दोरीशी एक मोठी ताई किंवा दादा उभा राहील असं बघा. हे नोटिशीत लिहायचं नाही.

कपड्यांकडे वळू. ‘पांढरा गणवेश सक्तीचा’ या तीन शब्दांनी तुमच्या किती मुली त्या दिवशी ‘पोटात दुखतंय’ म्हणून घरी राहतात, ते मागच्या हजेरीत बघा. सहावी-सातवीत पाळी सुरू झालेल्या मुली असतात, आता पाचवीतही असतात. पांढऱ्या पँटमध्ये धावायचं म्हटलं की त्यांचं सगळं लक्ष मागे. विम्बल्डन पांढऱ्या कपड्यांच्या बाबतीत किती हट्टी, पण त्यांनीही २०२३पासून महिला खेळाडूंना आतून गडद रंगाची शॉर्ट घालायची मुभा दिली. आपण नोटिशीत एवढंच लिहायचं: वर शाळेचा किंवा गृहाच्या रंगाचा टी-शर्ट, खाली पांढरी किंवा कुठल्याही गडद रंगाची ट्रॅक पँट. ही सूट मुलगे-मुली सगळ्यांना द्या, म्हणजे गडद पँट घातलेल्या मुलीकडे कुणी वळून बघणार नाही. कारण लिहायची गरज नाही. एका शिक्षिकेच्या पिशवीत पॅड ठेवा आणि कुणाकडे आहेत हे मुलींना वर्गात सांगा.

टी-शर्ट नवा घ्यायला लावू नका. लाल गृहाच्या मुलाकडे जुना लाल टी-शर्ट असेल तो चालेल, नसेल तर पी.टी.च्या गणवेशावर दंडाला लाल फीत. सुती असला तर उत्तम. बाजारात मिळणारे स्वस्त, चकचकीत, जाड नायलॉनचे टी-शर्ट घाम शोषत नाहीत, आणि मुंबईच्या दमट हवेत तो अंगाला चिकटून बसतो.

बुटांबद्दल एक वाक्य ठळक छापा, माझी हरकत नाही: त्या दिवसासाठी नवे बूट घेऊ नका. नवीन कॅनव्हास बुटाची मागची कड टाचेला घासते आणि दुसऱ्या फेरीपर्यंत फोड येतो. पालक हौसेने आदल्या रात्री बूट आणतात, शिवाय वाढत्या पायाचा म्हणून एक नंबर मोठे आणतात. असं मोठ्या बुटातलं मूल सुरुवातीच्या रेषेवरच ओळखू येतं, कारण ते बोटं आवळून उभं असतं. जुने, पायात बसलेले बूट, नाडीला दुहेरी गाठ, लोंबणारी टोकं बुटात खोचलेली. ज्याच्याकडे बूट नाहीत त्याने अनवाणी पळावं, मातीच्या मैदानावर काही बिघडत नाही. पण मग आदल्या संध्याकाळी चार जणांनी रांगेत चालत जाऊन काचा, खिळे, बाटल्यांची झाकणं वेचायची. भाड्याच्या मैदानावर शनिवारी रात्री काय काय झालेलं असतं ते सकाळी कळतं.

त्याच संध्याकाळी पट्ट्यांवर पाणी मारता आलं तर मारा. हिवाळ्यात मुंबईची हवा तशीही धुरकट, त्यात कोरड्या मातीचा धुरळा उडाला की दम्याच्या मुलांची छाती भरते. नोटिशीखाली फाडून परत द्यायची चिठ्ठी ठेवा: दमा, फिट, हृदयाचा त्रास, अलीकडचं आजारपण असेल तर लिहा. दम्याच्या मुलाचा पंप दप्तराच्या तळाशी किंवा घरी नको, वर्गशिक्षकांच्या हातात हवा. डॉक्टरांनी पळण्याआधी घ्यायला सांगितला असेल, तर त्या मुलाच्या वर्गाची वेळ पालकाला माहीत असायला हवी. इयत्तावार वेळेचा हा आणखी एक उपयोग.

पाण्याचा प्रश्न मात्र बाटलीपुरता नाही. गेल्या वर्षी साडेनऊला पाणी संपलं, पण त्याआधी निम्म्या मुली पाणी प्यायल्याच नसतील, हे मी पैजेवर सांगते. कारण त्यांना स्वच्छतागृह कुठे आहे ते माहीत नसतं, किंवा माहीत असतं आणि ते कसं आहे तेही माहीत असतं. मैदानावर गेल्यावर ‘शू लागेल’ म्हणून पाणी न पिणं हे आपल्याकडे मुलगी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून शिकते, बहुतेक आईकडूनच. म्हणून ‘भरपूर पाणी प्यावे’ असं छापून उपयोग नाही. ‘मुलींचं स्वच्छतागृह अमुक ठिकाणी, सकाळी साफ करून घेतलेलं, तिथे एक शिक्षिका उभी असेल’ असं छापा, आणि ते खरंच करा. मैदानाचं धड नसेल तर जवळच्या शाळेशी किंवा सोसायटीशी आठवडाभर आधी बोला.

मग बाटल्या. मुलांकडच्या बाटल्या अर्ध्या लिटरपासून लिटरभरापर्यंतच्या. पळणाऱ्या नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला दर वीस मिनिटांनी शंभर ते अडीचशे मिलीलिटर पाणी, म्हणजे अर्धा ते एक पेला, असं बालरोगतज्ज्ञांचं सर्वसाधारण माप आहे. तुमची मुलं सतत पळणार नाहीत, बहुतेक वेळ सावलीत बसून टाळ्या वाजवतील, त्यामुळे घरच्या बाटलीवर प्रत्येकी आणखी अर्धा लिटर धरलं तरी पुरे. दोनशे मुलांना शंभर लिटर, म्हणजे वीस लिटरचे पाच जार. पालक आणि शिक्षकांसाठी आणखी तीन. आठ जार आणि त्यांना नळ असलेले दोन स्टँड. जार वाकवून ओतायला गेलं की पाव पाणी मातीत जातं, गेल्या वर्षी तसंच झालं असणार. बाटलीवर नाव लिहायला सांगा. दोनशे मुलांत साठ बाटल्या एकसारख्या निळ्या असतात, आणि आपली कुठली ते कळलं नाही की मूल पीतच नाही.

सकाळी निघताना एक पेला पाणी आणि निघण्यापूर्वी हलकं काहीतरी: वाटीभर पोहे, उपमा, नाहीतर एक केळं आणि दोन बिस्किटं. शर्यतीच्या तोंडावर दूध नको, ते शेवटच्या रेषेवर बाहेर येतं. खोक्यातली गोड पेयं ‘ताकद येते’ म्हणून पालक आणतात. त्यातल्या काहींवर ओआरएस असं छापलेलं असायचं. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ते वापरायला मनाई केली, तरी आईबापांच्या डोक्यातून ते गेलेलं नाही. पन्नास मीटर पळणाऱ्या निरोगी मुलाला त्याची गरज नसते. घरचं मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम सरबत घोटभर पुरे.

आता त्या ओरडणाऱ्या वडिलांकडे येते. मुख्याध्यापकांना वाटतं की ओरडणं बंद झालं पाहिजे. मला नाही वाटत. मुक्या मैदानावर क्रीडादिन घ्यायचा कशाला? प्रश्न आहे तो पालक कुठे उभा राहतो आणि काय ओरडतो याचा.

कुठे, हे आधी. बहुतेक शाळांत पालक शेवटच्या रेषेपलीकडे मोबाईल धरून भिंतीसारखे उभे असतात. मूल त्या भिंतीकडे पळत येतं आणि रेषेच्या चार-पाच पावलं आधीच वेग कमी करतं, कारण पुढे थांबायला जागा दिसत नाही. जे जास्त पुढे येतं ते कुणाच्या तरी पोटावर आदळतं. शिवाय लहान मुलं आवाजाच्या दिशेने वळतात. आई डावीकडून ‘सोनू’ म्हणाली की सोनू आपली पट्टी सोडून डावीकडे, शेजारच्याच्या पायात. लिंबू-चमच्यात तर लिंबू जमिनीवर. म्हणून पालक एकाच बाजूला, दोरीच्या मागे, पट्ट्यांपासून तीन-चार मीटर लांब, सुरुवातीच्या रेषेपासून मध्यापर्यंत. शेवटच्या रेषेपलीकडे पंधरा मीटर मोकळं. रेषेच्या पुढे पाच मीटरवर एक शंकू ठेवा आणि मुलांना सांगा, शंकूपर्यंत पळायचं. पाहणारा पालक मध्यावर उभा असेल तर त्याला मूल समोरून जाताना दिसतं, फोटोही बरा येतो. नोटिशीत हे फोटोचं कारण द्या. ‘मध्यावरून फोटो चांगला येतो’ हे वाक्य ‘रेषेजवळ गर्दी करू नये’पेक्षा कितीतरी जास्त पालक पाळतात, मी करून पाहिलंय. आणि मैदान पूर्व-पश्चिम असेल तर मुलं पूर्वेकडून पश्चिमेकडे पळवा, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर राहील. डोळ्यांत ऊन असलेलं मूलही वाकडंच पळतं.

काय ओरडायचं, याचंही तसंच. ‘मागे बघू नकोस’ म्हटलं की मूल मागेच बघतं. ‘त्याला गाठ’ म्हटलं की त्याच्याकडे बघतं. पळताना सूचना घ्यायला डोकं रिकामं नसतं. नाव चालतं, टाळ्या चालतात, गृहाचं नाव चालतं. ‘पिवळे, पिवळे!’ असं ओरडणाऱ्या पालकाच्या आवाजात सहाही मुलांना काही ना काही मिळतं. त्या वडिलांना ओरडायचंच असेल तर रस्सीखेचीत ओरडू द्या. पालकांची रस्सीखेच मी म्हणूनच ठेवते. एकदा स्वतः मातीत बसकण मारली की कोपऱ्यातला सगळ्यात कडक बाप हसायला लागतो.

धपाटा मात्र शर्यतीत सुरू होत नाही. तो सुरू होतो ‘कितवी आलीस?’ या प्रश्नात. आपल्याकडे मूल रेषेवरून परत आलं की आधी हाच प्रश्न, घरी पोचलं की आजीचा तोच, सोसायटीच्या जिन्यात काकूंचा तोच. चौथ्या आलेल्या मुलीला एका तासात सहा वेळा ‘चौथी’ म्हणावं लागतं. आईलाही सगळ्यांसमोर ते ऐकावं लागतं, आणि हात उठतो. मी त्या आईला माफ करत नाही, पण मला तिचं कळतं. नोटिशीत तिला दुसरा पहिला प्रश्न द्या. ‘पाणी हवं का?’ हा माझा आवडता. मुलाला तहान लागलेलीच असते, उत्तर लगेच येतं आणि तोवर आईबापाचा श्वासही खाली बसतो. बक्षीस मिळालेल्यालाही हाच प्रश्न. आणि मुलांची वेळ लिहून घेता आली तर फारच छान. ‘मागच्या वेळी अकरा सेकंद, आता साडेदहा’ हे चौथ्या आलेल्या मुलीलाही घरी सांगता येतं. पी.टी.च्या तासाला एकदा मोजून ठेवा, मैदानावर दुसऱ्यांदा.

तर नोटीस. ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ने सुरुवात करू नका, पालकांचा डोळा तिथेच घसरतो. मी लिहिली असती ती अशी. तारीख आणि जागा तुम्ही भरा.

> रविवार दि. ……, सकाळी ७.१५ ते १०.४५. मैदान: ……
>
> प्रिय पालक,
>
> मुलांनी ७.१५ला मैदानावर यावं. पालकांनी आपल्या मुलाच्या वर्गाच्या वेळी आलं तरी चालेल. धावण्याच्या शर्यती: तिसरी ८.००, चौथी ८.२०, पाचवी ८.४०, सहावी ९.००, सातवी ९.२०. वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून दहा मिनिटं आधी या. पाचवी ते सातवीच्या अंतिम फेऱ्या ९.४५ला, पालकांची रस्सीखेच १०.०५ला. येणं जमलं नाही तर काळजी नको, आम्ही आहोत. तिसरी-चौथीच्या मुलांना शर्यतीनंतर घरी न्यायचं असेल तर वर्गशिक्षकांच्या वहीत सही करून न्या.
>
> कपडे: शाळेचा किंवा गृहाच्या रंगाचा टी-शर्ट, जुना चालेल. पांढरी किंवा गडद ट्रॅक पँट. नवे बूट घेऊ नका. नाडीला दुहेरी गाठ, केस बांधलेले, बांगड्या, साखळी, घड्याळ घरी. डोक्याला टोपी असली तर बरं.
>
> निघण्यापूर्वी थोडं खाणं आणि एक पेला पाणी. नाव लिहिलेली पाण्याची बाटली सोबत. ती पुन्हा भरायला मैदानावर पाणी असेल. मुलींचं स्वच्छतागृह …… इथे आहे, तिथे शिक्षिका असतील. दम्याचा पंप असेल तर सकाळीच वर्गशिक्षकांकडे द्या.
>
> पालकांची जागा दोरीच्या मागे, मैदानाच्या मध्यापर्यंत. तिथून मूल पूर्ण दिसतं आणि फोटोही चांगला येतो. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो ग्रुपवर टाकण्यापूर्वी त्यांच्या आईवडिलांना विचारा. टाळ्या वाजवा, नावं घ्या, आपल्या गृहासाठी ओरडा. ‘असं पळ, तसं पळ’ त्या वेळी मुलांना ऐकू येत नाही. मूल परत आलं की ‘कितवा आलास?’च्या आधी विचारा, ‘पाणी हवं का?’

एवढं एका पानात बसतं. दोन आठवडे आधी कागदावर द्या, कारण सहीची चिठ्ठी परत यायला आठवडा जातो. आदल्या संध्याकाळी फोनवर फक्त वेळा, बूट, बाटली आणि मेगाब्लॉक. पालकांत हिंदी किंवा उर्दू वाचणारे असतील तर मागच्या बाजूला तेच त्या भाषेत.

मुख्याध्यापक ‘बाहेर काढू’ परत घालायला सांगतील. त्यांना म्हणा, ते वाक्य घाला हवं तर, पण दोरीशी उभं राहायला दोन शिक्षक मला द्या. दोघांचं काम एकच: जो पालक दोरी ओलांडेल त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं, ‘तुमचा कुठला?’ तो बोट दाखवतो, बोलायला लागतो, आणि आपोआप दोन पावलं मागे येतो.

आणि एक करा. माझी अडीच मिनिटं माझ्या मैदानावरची आहेत. येत्या पी.टी.च्या तासाला सहावीची सहा मुलं घ्या, रेषेवर उभी करा, पळवा, नावं लिहा, पुढची सहा उभी करा, आणि घड्याळ लावून बघा. तीन मिनिटांच्या वर गेलं, तर वेळा छापायला देण्यापूर्वीच बदला.